क्रिएटिनने आजारानंतरचा थकवा जातो का?

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच साधारण तासाभरात मोरा बंदराला लागते. तिथून पिशव्या सांभाळत धक्का चालून यायचे, रिक्षा पकडायची आणि उरण गाठायचे. धडधाकट माणसाच्या हे लक्षातही राहत नाही. पण करोना होऊन वर्ष उलटले तरी ज्यांचे अंग सावरलेले नाही, त्यांचे पाय एवढ्या चालण्यानेच भरून येतात. घरी पोहोचल्यावर गळून गेल्यासारखे होते आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही. रक्ताचे रिपोर्ट 'नॉर्मल' असतात, त्यामुळे घरच्यांचा विश्वास बसत नाही आणि डॉक्टर 'टॉनिक घ्या' म्हणून मोकळे होतात. अशा वेळी कुणीतरी भाचा, पुतण्या जिममध्ये घेतो ती पांढरी पावडर सुचवतो. क्रिएटिन. 'आत्या, ताकद येते याने, थकव्यावरही चालते म्हणे.'

हे 'म्हणे' कुठून आले, त्यामागे किती माणसांवर केलेले प्रयोग आहेत आणि पावडर घ्यायचीच ठरवली तर ती कशी घ्यावी, हे इथे सांगतो. ज्यांना व्हायरल तापानंतरचा थकवा चिकटून बसला आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया असे निदान केले आहे, म्हणजे महिनोन्महिने सगळे अंग दुखते, झोप लागूनही ताजेतवाने वाटत नाही आणि डोके जड राहते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी क्रिएटिन म्हणजे काय ते पाहू. ते बाहेरून आणलेले औषध नाही. आपले यकृत आणि मूत्रपिंडे ते रोज थोडे थोडे तयार करतात आणि मांस-मासळीतूनही ते मिळते. शरीरातले बहुतेक क्रिएटिन स्नायूंमध्ये असते, थोडे मेंदूत. दुकानदार गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवतो आणि गर्दी झाली की बँकेत न धावता त्यातूनच भागवतो, तसे स्नायू क्रिएटिनचा एक भाग फॉस्फेटला जोडून बाजूला ठेवतात. जिना चढताना, जड पिशवी उचलताना पहिल्या काही सेकंदांत जी शक्ती लागते, ती या साठ्यातून येते. पावडर घेतल्याने हा साठा वाढतो, आणि म्हणूनच खेळाडूंना थोड्या वेळाच्या जोरकस कामात फायदा होतो. इथपर्यंतचे ज्ञान पक्के आहे. प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. आजारानंतरचा थकवा हा साठा कमी पडल्यामुळे असतो का? आणि साठा भरला तर थकवा जातो का?

फायब्रोमायल्जियाच्या बाबतीत याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ब्राझीलमधून आले आहे. साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फायब्रोमायल्जिया असलेल्या २८ रुग्णांना १६ आठवडे पावडर दिली. काहींना खरे क्रिएटिन, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय पावडर, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. पहिले पाच दिवस रोज २० ग्रॅम, चार वेळांत विभागून, आणि नंतर रोज ५ ग्रॅम असे प्रमाण होते.

शेवटी स्नायूतला फॉस्फेटला जोडलेला साठा मोजला, तर क्रिएटिन घेणाऱ्यांत तो सुमारे ८० टक्क्यांनी वाढला होता आणि प्लासिबो घेणाऱ्यांत जवळजवळ होता तिथेच होता. निरोगी माणसांत दिसणाऱ्या वाढीपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे, म्हणून दुसऱ्या कुणी तो पुन्हा मोजेपर्यंत मी त्यावर फार भर देणार नाही. पायांनी वजन ढकलण्याची ताकद मात्र सुमारे १० टक्क्यांनी वाढली आणि प्लासिबो गटात ती वाढली नाही. हा फरक खरा वाटतो, कारण क्रिएटिन स्नायूंत जे करते असे आपल्याला आधीपासून माहीत आहे त्याच्याशी तो जुळतो.

पण रुग्ण डॉक्टरांकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्या दुखण्यात, झोपेत आणि एकूण जगण्याच्या दर्जात दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाय थोडे बळकट झाले, दुखणे होते तिथेच राहिले. फायब्रोमायल्जियासाठी क्रिएटिन घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे वाक्य मला विचाराल तर हेच आहे.

या प्रयोगाच्या काही वर्षे आधी इस्रायलमध्ये मोजक्या रुग्णांवर आणखी एक प्रयोग झाला होता. चालू औषधांच्या जोडीला आठ आठवडे क्रिएटिन दिले गेले. रुग्णांनी सांगितले की दुखणे कमी झाले, झोप सुधारली, आणि पावडर बंद केल्यावर चार आठवड्यांत तब्येत पुन्हा खालावली. वाचताना हे फार आशादायक वाटते. मात्र त्यात प्लासिबो गट नव्हता. आपण क्रिएटिन घेतो आहोत हे प्रत्येकाला माहीत होते, आणि ते बंद झाले हेही माहीत होते. दुखणे ही अशी तक्रार आहे की नवा उपाय सुरू झाला, नियमित विचारपूस होऊ लागली, की ती काही काळ खरोखरच हलकी होते. त्यात रुग्ण खोटे बोलत नसतो. प्लासिबो नसलेल्या प्रयोगात दुखणे कमी झाले आणि प्लासिबो असलेल्या प्रयोगात झाले नाही, हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले की या विषयातल्या इतर बातम्या कशा वाचायच्या तेही कळते.

आता करोनानंतरच्या थकव्याकडे येऊ. इथले बहुतेक सगळे प्रयोग सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एकाच गटाचे आहेत. सर्गेय ऑस्तोयिच हे त्या गटाचे प्रमुख संशोधक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य प्रयोगात रुग्ण होते १२. काहींना सहा महिने रोज ४ ग्रॅम क्रिएटिन आणि बाकीच्यांना प्लासिबो दिला गेला. स्कॅनवर मांडीच्या स्नायूतले आणि मेंदूच्या काही भागांतले क्रिएटिन वाढलेले दिसले, आणि ही वाढ प्लासिबोच्या तुलनेतही टिकली. मेंदूत क्रिएटिन सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. क्रिएटिन घेणाऱ्यांचा थकवा तीन महिन्यांनी सुरुवातीपेक्षा कमी झाला. सहा महिन्यांनी अंगदुखी, डोकेदुखी, श्वासाचा त्रास, चव न लागणे आणि लक्ष न लागणे या तक्रारींतही सुधारणा दिसली.

इथे 'सुरुवातीपेक्षा' हा शब्द नीट पाहा. करोनानंतरचा थकवा पुष्कळ जणांत काळाबरोबर आपोआपही ओसरतो. म्हणून आज बरे वाटते की सहा महिन्यांपूर्वी, यावरून फारसे ठरत नाही. त्याच सहा महिन्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा किती जास्त बरे वाटले, हे महत्त्वाचे. एका गटात पाच-सहा माणसे असली की त्यातल्या एखाद्याची तब्येत अचानक सुधारली तरी सगळी सरासरी हलते. शिवाय एकाच वेळी अनेक तक्रारींना गुण दिले, तर निव्वळ योगायोगाने त्यातल्या एक-दोन 'सुधारल्या' असे दिसू शकते. म्हणून मी या प्रयोगाचा निष्कर्ष असा वाचतो: क्रिएटिन मेंदूत आणि स्नायूंत पोहोचते हे बऱ्यापैकी दिसले आहे, त्याने थकवा जातो हे अजून दिसायचे आहे.

याच गटाचा आणखी एक छोटा प्रयोग २०२४ मध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आला. हे नियतकालिक आपल्या परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून निघते, त्यामुळे तो 'मुंबईचा अभ्यास' आहे असा समज होऊ शकतो. नियतकालिक मुंबईचे असले तरी संशोधन नोवी सादचे आहे. त्यात क्रिएटिनच्या जोडीला श्वसनाचे व्यायाम होते, रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते, आणि श्वासाचा त्रास कमी झाल्याचे नोंदवले आहे. आणखी एक गोष्ट वाचकांना माहीत असावी. क्रिएटिन बनवणाऱ्या जर्मन कंपनी अल्झकेमशी संबंधित सल्लागार मंडळावर ऑस्तोयिच आहेत आणि आपल्या निबंधांमध्ये ते हे स्वतःच जाहीर करतात. त्यामुळे संशोधन खोटे ठरत नाही. मात्र दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हातांनी केलेल्या मोठ्या प्रयोगाची गरज त्यामुळे आणखी वाढते.

करोनाच्या आधीपासून ज्ञात असलेला दीर्घ थकव्याचा आजार, ज्याला डॉक्टर एमई/सीएफएस म्हणतात, त्यावर ऑक्सफर्डमधून २०२४ मध्ये एक प्रयोग आला. १४ जणांना सहा आठवडे रोज १६ ग्रॅम असा मोठा डोस दिला. मेंदूतले क्रिएटिन वाढले, हाताची पकड सुधारली, थकवा कमी झाल्याचे रुग्णांनी सांगितले. प्लासिबो इथेही नव्हता. असा डोस घेता येतो का आणि मेंदूवर त्याचा परिणाम मोजता येतो का, एवढेच पाहण्यासाठी तो आखला होता. त्यावरून कुणी घरी १६ ग्रॅम घेऊ नये.

आपल्याकडचा आणखी एक मोठा प्रश्न म्हणजे चिकनगुनिया. १९७३ मध्ये बार्शीला साथ आली, मग हा ताप देशातून नाहीसा झाल्यासारखा वाटला, आणि २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उसळून परतला. त्यानंतर तो गेलेला नाही. ताप उतरल्यावरही मनगटे, घोटे आणि बोटे महिनोन्महिने धरलेली राहणारी माणसे कोकणपट्टीत घरोघरी भेटतील. वर सांगितलेल्या कुठल्याही प्रयोगात हे रुग्ण नव्हते. चिकनगुनियानंतर सांध्यांवर सूज असेल, सकाळी तासभर बोटे वळत नसतील, तर ते स्नायूंच्या साठ्याचे काम नाही. तो सांध्याचा दाह आहे आणि त्याला संधिवाताच्या डॉक्टरांचीच औषधे लागतात. अशा माणसाने क्रिएटिनमध्ये तीन महिने घालवले तर सांध्याचे नुकसान होऊ शकते.

मासळीतून मिळेल का?

मोऱ्याच्या कोळीवाड्यात हा प्रश्न येणारच. बहुतेक जातींच्या कच्च्या मासळीत किलोमागे साधारण ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असते आणि शिजवताना त्यातले थोडे जाते. म्हणजे प्रयोगांतला ४ ग्रॅमचा डोस नुसत्या मासळीतून मिळवायचा तर रोज किलोभर खावी लागेल. तेवढी कुणी खात नाही. तरी रोज मासळी खाणाऱ्याच्या स्नायूंतला साठा शाकाहारी माणसापेक्षा आधीच भरलेला असतो. दुधात क्रिएटिन अगदी नाममात्र, डाळीत आणि भाजीत जवळजवळ शून्य. म्हणून शाकाहारी लोकांत पावडरीने साठा जास्त वाढतो असे दिसले आहे. कोळंबी, चिंबोरी आणि माकूल यांचा मात्र इथे उपयोग नाही. त्यांचे स्नायू क्रिएटिनऐवजी आर्जिनिन फॉस्फेट नावाचा वेगळा साठा वापरतात. मासळी खाणाऱ्या घरात कोळंबीची कढी आणि बांगड्याचे कालवण या दृष्टीने एकसारखे नाहीत.

घ्यायचेच ठरवले तर

डॉक्टरांशी बोलून तीन महिने वापरून पाहायला हरकत नाही असे माझे मत आहे, कारण मूत्रपिंडे निरोगी असलेल्या मोठ्या माणसात या प्रमाणात क्रिएटिन बऱ्यापैकी सुरक्षित ठरले आहे. पण ते असे वापरावे की शेवटी काहीतरी कळेल. एक काल्पनिक उदाहरण घेतो.

समजा, मोऱ्याला राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एक बाई आहेत. वजन ५८ किलो, आहार शाकाहारी, नोकरीसाठी मुंबईला ये-जा. करोनानंतर दीड वर्ष अंग दुखते, पाय भरून येतात. पावडरीचा डबा आणण्याआधी त्यांनी उरणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, सीपीके, क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रोटीन तपासून घ्यावे. थकव्याचे साधे, बरे होणारे कारण यातच सापडणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. रक्त कमी असेल तर तिथे क्रिएटिनचे काम नाही. खोकला रेंगाळला असेल, वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल तर क्षयाची तपासणी आधी. सीपीके बरेच वाढलेले असेल तर स्नायूंचा वेगळा आजार आहे का, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे स्नायू दुखतात का, हे डॉक्टरांनी पाहायला हवे.

सगळे ठीक निघाले. आता पावडर सुरू करण्याआधी दोन आठवडे त्यांनी वही ठेवावी. रोज रात्री झोपण्यापूर्वी थकव्याला शून्य ते दहा गुण आणि दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी आणि ठरल्या वेळी, हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचे आणि बसायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा जमते ते लिहायचे. समजा, थकव्याची सरासरी ६.८ आली, दुखण्याची ६, आणि उठणे ९ वेळा.

मग रोज ३ ते ४ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, जेवणानंतर, कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यायचे. डब्यातल्या चमच्यावर विसंबू नये, कारण चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात. छोट्या वजनकाट्यावर एकदा तोलून पाहावे. सकाळी पाण्यात घालून बाटली दिवसभर पर्समध्ये फिरवू नये, कारण पाण्यात पडून राहिले की क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिनमध्ये रूपांतर होते आणि ते निरुपयोगी असते. सुरुवातीच्या पाच दिवसांच्या २० ग्रॅमची गरज नाही. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की रोज ३ ग्रॅम घेतले तरी चार आठवड्यांत स्नायूंतला साठा तेवढाच भरतो. मोठा डोस घेतला की पोट बिघडते, जुलाब होतात, आणि मग अंग गळण्याचे खरे कारण कोणते तेच कळेनासे होते.

या तीन महिन्यांत दुसरे काही नवे सुरू करू नये. नवी गोळी नाही, नवा काढा नाही, नवा व्यायाम नाही. प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी फायब्रोमायल्जियाची चालू औषधे मात्र आहेत तशीच ठेवावीत, स्वतःहून एकही बंद करू नये.

बाराव्या आठवड्याला वही उघडली. समजा, उठणे ९ वरून ११ झाले, थकवा ६.८ वरून ६.२, दुखणे ६ च्या आसपासच. वजन एक किलोने वाढले, ते बहुधा स्नायूंत साठलेले पाणी. याचा अर्थ ब्राझीलच्या प्रयोगात दिसले तेच इथे दिसते आहे: पायांत थोडे बळ आले, आजार तिथेच आहे. ०.६ गुणांची घट रोजच्या चढ-उतारात हरवून जाणारी आहे, तिला मी सुधारणा म्हणणार नाही. पायांतल्या बळामुळे धक्का चालणे सोपे झाले असेल तर ते त्यांनी चालू ठेवावे, ते कारण पुरेसे आहे. थकव्यासाठीच घेत असतील तर थांबावे.

समजा याउलट थकवा ६.८ वरून ४ वर आला. मग तर मुद्दाम थांबवून पाहावे. आणि इथे एक चूक सर्रास होते. लोक चार दिवस बंद करतात, फरक पडला नाही म्हणून ठरवतात की आता गरज नाही, किंवा उलटे ठरवतात. भरलेला साठा पूर्वीच्या पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस वही चालू ठेवून थांबले तरच काही कळते. सहा आठवड्यांनंतरही थकवा ४ च राहिला, तर तुम्ही काळाबरोबर बऱ्या झालात आणि डब्याला श्रेय देण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा धोका

पावडरीच्या दुष्परिणामांपेक्षा मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. व्हायरल आजारानंतरच्या थकव्याच्या रुग्णांत एक गट असा असतो की थोडे जास्त श्रम झाले की ते त्या दिवशी तग धरतात, आणि एक-दोन दिवसांनी कोसळतात. ताप आल्यासारखे अंग मोडते, डोके चालत नाही, आठवडा अंथरुणात जातो. डॉक्टर याला श्रमोत्तर बिघाड म्हणतात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने अशा रुग्णांना ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. क्रिएटिनने पायांत बळ येते, म्हणजे नेमके 'आज जमतेय तर करून टाकू' असे वाटायला लावणारे साधन हाती येते. स्नायू तयार आहेत, आजार तयार नाही. तुम्हाला असा बिघाड होत असेल तर खुर्चीची चाचणी करू नका, नुसती वही ठेवा, आणि बरे वाटले तरी पहिले दोन महिने कामाचे प्रमाण वाढवू नका.

फायब्रोमायल्जियात ही गोष्ट उलटी आहे. असा बिघाड नसेल तर २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ठामपणे शिफारस केलेला एकच उपाय आहे, तो म्हणजे व्यायाम, हळूहळू वाढवत नेलेला. तिथे पायांतले थोडे जास्तीचे बळ उपयोगी पडू शकते. ब्राझीलच्या त्या निष्कर्षाचा सर्वांत व्यवहारी उपयोग मला हाच दिसतो. दोन्ही तक्रारी एकाच माणसात असतील तर आधी बिघाडाची काळजी घ्यावी.

रिपोर्ट हाती आला की

क्रिएटिन घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे वाढते. त्यावरून लॅब मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज काढते आणि कागदावर मूत्रपिंडे बिघडलेली दिसतात. आपल्या उदाहरणातल्या बाईंचे क्रिएटिनिन ०.८ वरून ०.९ झाले, तर जीएफआरचा आकडा सुमारे ९२ वरून ८० वर येईल, मूत्रपिंडांना काहीही झालेले नसताना. म्हणून सुरू करण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवावा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना पावडरीबद्दल आठवणीने सांगावे. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी नावाची चाचणी आहे, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. क्रिएटिनिन ०.३ किंवा अधिक वाढले, लघवीत प्रोटीन आले किंवा पायांवर सूज आली तर पावडर बंद करून दाखवायला जावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, एकच मूत्रपिंड असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि १८ वर्षांखालील मुलांनी हा प्रयोग करू नये. मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षे असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय नको. बायपोलर आजार असणाऱ्यांनीही टाळावे, कारण नैराश्यावर क्रिएटिन देऊन पाहिले तेव्हा अशा दोन रुग्णांत उन्मादाची लक्षणे उसळली होती. चिकनगुनियानंतर जे रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतात, त्यांच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण आहे. त्यांनी आधी त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

खरेदी करताना डब्यावर घटक म्हणून फक्त 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' लिहिलेले हवे. 'प्री-वर्कआउट' किंवा मिश्रण असलेल्या डब्यांत बहुधा कॅफिन असते. त्याने तासाभर तरतरी येते, माणसाला वाटते गुण आला, आणि रात्रीची झोप जाते. फायब्रोमायल्जियात झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते. महागडे हायड्रोक्लोराइड किंवा द्रवरूप क्रिएटिन मोनोहायड्रेटपेक्षा जास्त चांगले ठरलेले नाही. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का पाहावे, आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल देणारी कंपनी मिळाली तर तिचाच डबा घ्यावा.

आज हाती असलेला पुरावा एवढाच आहे. फायब्रोमायल्जियात क्रिएटिनने स्नायूंची ताकद थोडी वाढते आणि दुखणे कमी होत नाही, असे एका चांगल्या पण लहान प्रयोगाने दाखवले आहे. करोनानंतरच्या थकव्यात ते मेंदूत आणि स्नायूंत पोहोचते, थकव्यावरचा त्याचा परिणाम सिद्ध झालेला नाही. शंभर-दोनशे रुग्णांवर, प्लासिबोसह, स्वतंत्र गटाने केलेला प्रयोग येईपर्यंत कुणी 'थकव्यावर रामबाण' म्हणून डबा विकत असेल तर तो घेऊ नका. आणि घरात असा डबा आधीच उघडला गेला असेल, तर उद्या सकाळी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या.